नानाकाकांचं ‘थोरलं’

वजनकाट्यांच्या दुकानात माल कमी खपतो आणि गप्पा जास्त. काटा घेणारा माणूस मुळात संशयी, त्यामुळे तो तासभर बसतोच, आणि जाताना काहीतरी मागे ठेवून जातो. फतेगंजातल्या आमच्या दुकानात अशा पोतंभर गोष्टी पडून आहेत. त्यातल्या ह्या एकाच वजनाभोवतीच्या.

त्या वजनाचं नाव ‘थोरलं’. पितळी, एक किलोचं. दुकानातून बाहेर पडणारा प्रत्येक काटा आधी थोरल्यावर तपासायचा, ही नानाकाकांची रीत. नानाकाका म्हणजे माझे चुलते. गादी त्यांची, धावपळ माझी. मी एकदा विचारलं, “काका, थोरलं कशावर तपासायचं?”

“अरे, बापाला कोणी जन्माचा दाखला मागतं का?”

*

नव्वदनंतर इलेक्ट्रॉनिक काटे आले. मी हौसेनं एक आणला. अलकापुरीत फरसाणची तीन दुकानं असलेले जयंतीभाई बघायला आले. लाल आकडे पाहून खूश!

“जपानी?”

“हो, आतला भाग जपानी.”

“तो पछी जोवानुंज शुं! मग बघायचंच काय! सहा पाठवा.”

तेवढ्यात त्यांनी खोका उलटा केला. खाली लिहिलेलं, जोडणी मकरपुरा. जयंतीभाईंचा चेहरा पडला. “आपल्या मकरपुऱ्याचं? रहेवा दो, भाई.”

मशीन तेच, आकडेही तेच. काट्यावर अजून काही ठेवलंसुद्धा नव्हतं!

*

ते गेल्यावर मी थोरलं मशीनवर ठेवलं. आकडा आला नऊशे ब्याण्णव. आठ ग्रॅम कमी.

“तुझं मशीन खोटं,” नानाकाका म्हणाले. “परवाचं पोर ते.”

“तुमचं थोरलं खोटं,” मी म्हणालो. “जपानी लोक चुकत नाहीत!”

(आता लिहिताना लाज वाटते. जयंतीभाईंना हसलो होतो मी, दहा मिनिटांपूर्वी.)

नानाकाका चिडून उभे राहिले. “गायकवाडी अमदानीतलं वजन आहे हे. आजोबांना दरबारातून मिळालेलं. हे खोटं निघालं तर त्या दिवशी गादी सोडतो!”

चाळीस वर्षं बसलेला माणूस. मला मशीन खरं हवं होतं, पण गादी रिकामी नको होती.

*

समा भागातून देशपांडेसर यायचे. कॉलेजात तर्कशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, चहाचे पक्के. त्यांनी थोरलं हातात घेतलं, चष्मा वर केला.

“नाना, यावर ‘१ किलो’ कोरलंय.”

“मग?”

“गायकवाडीत शेर चालायचे. किलो आला तेव्हा संस्थान जाऊन बरीच वर्षं झाली होती.”

मी टाळीच वाजवली. “बघा! म्हणजे थोरलं खोटं!”

सर माझ्याकडे वळले. “तू काकांपेक्षा वाईट. गोष्ट खोटी निघाली, वजन कुठं निघालं? गायकवाडी असतं तरी कमी भरू शकलं असतं, आणि काल चोरबाजारातून आणलं असतं तरी बरोबर भरू शकलं असतं. कुठून आलं हे कळलं की संशय कुठं घ्यायचा ते कळतं. वजन कळायला तोलावं लागतं.”

“मग जपानी?”

“तेही तोल!”

*

काटे तपासणारे इन्स्पेक्टर वर्षाला एकदा यायचे. त्या वर्षी मी त्यांना बसवून घेतलं. सर आले, जयंतीभाईही आले. नानाकाका नवं धोतर नेसून गादीवर.

इन्स्पेक्टरनी आपल्या पेटीतला तराजू मांडला. एका पारड्यात त्यांचं किलोचं वजन, दुसऱ्यात थोरलं. थोरलं वर गेलं. त्याच्या बाजूला दोन-दोन ग्रॅमची दोन वजनं टाकली, तेव्हा काटा मधोमध आला.

मी हसणार, तोवर त्यांनी आपलं वजन माझ्या मशीनवर ठेवलं. नऊशे शहाण्णव. मशीनही चार ग्रॅम कमी दाखवत होतं!

इन्स्पेक्टरनी थोरलं उलटं केलं. “काका, तळाच्या भोकात वजन जुळवायला शिसं भरतात. ते अर्धं गेलंय. कोण कोरतं?”

कोण कोरणार! दर दसऱ्याला थोरल्याची पूजा. भोकात कुंकू साचायचं, आणि नानाकाका दुसऱ्या दिवशी भक्तीनं दाभण घेऊन ते साफ करायचे. चाळीस वर्षं.

नानाकाकांनी किल्ल्यांचा जुडगा काढून माझ्यासमोर ठेवला आणि गादीवरून उठले. चपला घातल्या. दारापाशी थांबले, वळले.

“साहेब, एक विचारू? तुमचं वजन कशावरून बरोबर?”

“काका!” इन्स्पेक्टर हसले. “आ तो सरकारी वजन छे!”

देशपांडेसरांनी चहाचा कप खाली ठेवला.

“ते कुठलं आहे हे नाही विचारलं,” नानाकाका म्हणाले. “तपासलं कधी?”

इन्स्पेक्टरनी पेटीच्या झाकणातून वजन तपासल्याचा दाखला काढून दिला. नानाकाकांनी तो खिडकीपाशी नेला. सावकाश वाचला. मग जयंतीभाईंना वाचायला दिला.

“आनी मुदत तो गया महिने पूरी थई गई!” जयंतीभाई ओरडले.

नानाकाका परत आले, चपला काढल्या, किल्ल्या उचलल्या आणि गादीवर बसले.

“ताजा दाखला आणा, साहेब. मग उठतो.”