दिवसाचे आठ रुपये

मारोती मेश्रामचं नाव बदलायचं राहूनच गेलं. छप्पन साली नागपूरला दीक्षा घेऊन आल्यावर बाप डोमाजीनं घरातले देव पेटीत घातले, पेटी नदीला दिली, आणि पोराला रोज मारुतीच्याच नावानं हाक मारत राहिला. कोणी हसलं की डोमाजी म्हणायचा, "देव गेला, पोरगा कुठी गेला? त्याले त हाक माराच लागते."

हा मारोती बाभुळगावाकडच्या एका खेड्यातला. यवतमाळच्या एका छापखान्यात तो अक्षरांचे खिळे जुळवायला लागला, पण त्याचा हात खिळ्यांपेक्षा कुंचल्यावर जास्त चालायचा. लग्नपत्रिकेची वेलबुट्टी, जिनिंगच्या लेटरहेडवरचं कपाशीचं बोंड, सिनेमाच्या मध्यंतरात दाखवायची जाहिरातीची काच, सगळं तो करायचा. पगार मात्र खिळे जुळवण्याचाच मिळायचा. एकसष्ट सालच्या लग्नसराईत त्यानं नोकरी सोडली, बाजाराजवळ एक खोली भाड्यानं घेतली आणि दारावर 'मारोती आर्ट्स' अशी झोकदार पाटी लावली. पाटी इतकी झोकदार होती की लोक पाटी पाहायला थांबायचे आणि पुढं निघून जायचे.

खरं तर लोक आतही येत होते. कामाला तोटा नव्हता, खोट होती ती दाम सांगण्यात. गिऱ्हाईक विचारायचं, "किती घेसान?" आणि मारोती मान खाली घालून म्हणायचा, "द्या तुम्हाले वाटन तं." गिऱ्हाइकाला काय वाटायचं ते तुम्ही समजून घ्या. कोणी दोन रुपये ठेवायचं, कोणी चहा पाजायचं, एका लग्नघरानं तर बुंदीचा द्रोण पाठवला. बायको सत्यशीला म्हणाली, "बुंदी घरभाड्यात देता येते का, विचारून पाहा एकदा." ती रागावून बोलली असती तर बरं झालं असतं. ती हसून बोलली, म्हणून ते जास्त लागलं.

लग्नसराईत हातात पैसा खेळला तेव्हा मारोतीनं सायकल घेतली, सत्यशीलेला लुगडं घेतलं, मित्रांना सिनेमा दाखवला. मग पाऊस लागला आणि कामं आटली. पावसाळ्यात ना लग्नं, ना कापसाचा बाजार. आषाढात दोन पाट्या झाल्या, श्रावण निम्मा सरला तरी एकही नाही. छापखान्याच्या मालकानं निरोप धाडला, "पोळ्यापर्यंत तुझी जागा रिकामी ठेवतो. पुढं माझा इलाज नाही." माणूस भला होता. पण ती जागा घ्यायची म्हणजे कुंचला ठेवून द्यायचा आणि पाटी उतरवायची, हे मारोतीला पक्कं ठाऊक होतं. पोळा पंधरवड्यावर आला होता.

रिकामा माणूस कुठं जातो? मारोती वाचनालयात जायला लागला, अक्षरांचे नमुने पाहायच्या निमित्तानं. तिथले ग्रंथपाल नागोराव मोठे तिखट गृहस्थ. पुस्तकाचं पान दुमडणाऱ्याला ते पोलिसासारखं विचारायचे, "नाव काय तुमचं?" पण ज्याला खरोखर काही हवं असेल त्याच्यासाठी त्यांचं कपाट सताड उघडं. दोनचार दिवस मारोतीचं उतरलेलं तोंड पाहून त्यांनी सरळच विचारलं, आणि मारोतीनंही सरळ सांगून टाकलं.

नागोराव उठले आणि मागच्या फळीवरून एक इंग्रजी पुस्तक घेऊन आले. कोण्या निवृत्त साहेबानं जाताना आपली पुस्तकं वाचनालयाला देऊन टाकली होती, त्यातलं हे. नोकरी न करता स्वतःच्या जिवावर जाहिरातींची चित्रं काढणाऱ्यांनी धंदा कसा करावा, असा सगळा मजकूर. सोबत छोट्या धंदेवाल्यांच्या हिशेबाचं एक पातळसं मराठी पुस्तकही त्यांनी आणलं.

"इंग्रजी तुले जड जाईल. रोज चारच्या नंतर ये, मी वाचून सांगतो," ते म्हणाले.

आणि त्या माणसानं खरंच वाचून सांगितलं. पुस्तक विलायतेचं, तिथला हिशेब रुपयांऐवजी गिनीत. कारागिरानं छत्री आणि हॅट चांगली वापरावी, म्हणजे गिऱ्हाइकावर छाप पडते, असंही एक प्रकरण होतं. त्यावर दोघं पोटभर हसले. मारोतीकडं छत्री होती, पण ती इतकी फाटकी की उघडली असती तर छाप उलटीच पडली असती.

पण गिनी आणि हॅट बाजूला सारल्यावर आत जे उरलं ते अस्सल होतं. पुस्तक म्हणत होतं, आधी वर्षाला घराला किती लागतं ते मांडा. त्यात खोलीचं भाडं, शाई, कुंचले, पुठ्ठा, टपाल असा धंद्याचा खर्च मिळवा. मग वर्षातले असे दिवस मोजा, ज्या दिवशी तुम्ही खरोखर पैशाचं काम करता. सुट्ट्या सोडा, दुखणीखुपणी सोडा, गिऱ्हाईक शोधण्यात, दुरुस्त्या ऐकण्यात, पैसे मागायला जाण्यात गेलेले दिवस सोडा, रिकामे महिने सोडा. उरलेल्या दिवसांनी खर्चाला भागा. तो तुमचा दिवसाचा दर. त्याखाली काम घ्याल, तर घरातलं खाऊन गिऱ्हाइकाला पोसाल.

मारोती मांडत गेला. घराला नऊशे, धंद्याला तीनशे. दिवस मोजता मोजता त्याचा चेहरा पडला. वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस दीडशेवर आले.

"म्हणजे दिवसाचे आठ रुपये," नागोराव म्हणाले.

"आठ रुपये कोन देईन जी मले?"

"ते मंग पाहू. आधी तुले मागता येतात का, ते पाह्य."

मराठी पुस्तकात दुसरी गोष्ट होती. कमाई कमीजास्त येते म्हणून खर्च तसा करू नये. आलेला सगळा पैसा एका डब्यात टाकावा आणि त्यातून दर महिन्याला स्वतःला ठरावीक पगार द्यावा, भरल्या महिन्यात तेवढाच आणि रिकाम्या महिन्यातही तेवढाच. मारोतीला सायकल आठवली, सिनेमा आठवला.

पोळ्याला चार दिवस उरले असताना देवीलालजी आले. त्यांचं चहापत्तीचं दुकान. सुटी पत्ती आणून आपल्या नावाच्या पुड्यांत विकायची त्यांनी ठरवली होती. पुड्यासाठी दोन रंगांचं चित्र हवं होतं. दोन रंग म्हणजे नागपूरला दोन ब्लॉक, म्हणजे छपाईचे ठसे, बनणार, आणि प्रत्येक रंगासाठी काळ्या शाईत वेगळं चित्र काढावं लागणार. कच्चं चित्र धरून पाच दिवसांचं काम. मारोतीनं मनात हिशेब केला, चाळीस रुपये. आकडा जिभेपर्यंत आलाही.

त्याच दिवशी डोमाजी डोळे दाखवायला गावाहून आला होता आणि खोलीच्या कोपऱ्यात पोत्यावर बसला होता.

देवीलालजींनी विचारलं, "तो मास्टर, क्या लोगे? कितने घ्याल?"

आणि मारोतीच्या तोंडून जुनंच वाक्य निघालं, "द्या शेठजी, तुम्हाले वाटन तं."

देवीलालजी खूश झाले. खिशात हात घालणार, तोच कोपऱ्यातून डोमाजी बोलला. आवाज चढलेला नव्हता.

"मारोत्या, हे आपुन सोडलं होतं नं बाबू?"

मारोतीनं वळून पाहिलं.

"मी खळ्यावर उभा राहो," डोमाजी म्हणाला. "सालभर गावाचे निरोप न्यायचे, मेलेली ढोरं ओढायची, आन सुगीले पदर पसरून म्हनायचं, द्या मालक, तुम्हाले वाटन तं. कोनी सूपभर टाके, कोनी पायानं लोटून दे. नागपूरहून आलो आन पाटलाले सांगून देल्लं, उद्यापासून हे बलुतं नाही. मंग कापसाच्या जिनात मजुरीले गेलो. पयले भाव इचारला, मंग टोपलं उचललं. तू शिकला, अन् तुह्या तोंडात अजून तेच काहून?"

मारोतीला बापाचा राग आला नाही. लाज वाटली, आणि लाजेच्या खाली एक मोठा आधारही वाटला. नागोरावांनी आकडा हातात दिला होता. तो उच्चारायला लागणारी छाती या म्हाताऱ्यानं पाच वर्षांपूर्वीच कमावून ठेवली होती.

"शेठजी," तो म्हणाला, "चाळीस रुपये होतील. वीस आधी. कच्च्या चित्रात एकदा बदल करून देईन, पुढच्या बदलाचे वेगळे. ब्लॉकचा खर्च तुमचा."

देवीलालजी घोड्यासारखे मागं सरले. "चालीस? अरे, तीस में करो."

आता इथं विलायती पुस्तक कामाला आलं. दर तोडू नये, काम तोडावं, असं त्यात होतं.

"तीसमध्ये एका रंगाचं करून देतो. चांगलंच देईन."

देवीलालजींनी दारातून दिसणाऱ्या शेजारच्या दुकानातल्या एकरंगी पुड्याकडं पाहिलं, मारोतीकडं पाहिलं, डोमाजीकडंही पाहिलं. मग दहाच्या दोन नोटा टेबलावर ठेवल्या. जाताना दारात म्हणाले, "बुढे बाबा को रोज़ मत बिठाना दुकान में." आणि स्वतःच हसले.

पोळ्याच्या दिवशी मारोती छापखान्यात गेला आणि मालकाला हात जोडून सांगून आला की जागा दुसऱ्याला द्या. पाटी राहिली. सगळी गिऱ्हाइकं देवीलालजींसारखी निघाली नाहीत. पहिल्या हिवाळ्यात आठ रुपये ऐकून कितीतरी जण उठून गेले. पण जे थांबले ते पुन्हा आले. पुढच्या श्रावणात काम नव्हतं, तरी एक तारखेला त्यानं डब्यातून पगार काढून सत्यशीलेच्या हातात ठेवला. तिनं तो मोजला नाही.

त्याच वर्षी वाचनालयाचा वर्धापनदिन आला. नागोरावांनी निरोप धाडला, स्मरणिकेचं मुखपृष्ठ कर. मारोतीनं जीव ओतून ते केलं. वाचनालयाची पायरी आणि पायरीवर वाचत बसलेला एक माणूस, एवढंच चित्र. नागोरावांनी चित्र उजेडाला धरून पाहिलं. मग चष्मा काढून म्हणाले, "किती झाले?"

मारोतीनं बिल पुढं केलं. दोन दिवसांचं काम, सोळा रुपये.

नागोरावांनी मान हलवली. "बरोबर आहे. समितीकडून घेऊन देतो."

"खाली वाचा जी."

खाली लिहिलं होतं, 'वाचनालयाला भेट. येणे काही नाही.'

"फुकटच द्यायचं होतं तं सोळा कायले लिहिले?"

"आजवर लई फुकट देल्लं, नागोरावजी," मारोती म्हणाला. "पण ते काय किमतीचं होतं, ते मलेच मालूम नव्हतं. त्याले भेट कशी म्हनू? आयुष्यात पयल्यांदा कोनाले काही देऊन राह्यलो. तुम्हालेच द्यायचं होतं."

नागोरावांनी चष्मा पुन्हा चढवला, बिलाची घडी न करता ते सरळ ठेवलं, आणि पावतीपुस्तक ओढून देणगीची सोळा रुपयांची पावती लिहायला घेतली.