तोंडात पाण्याची गुळणी धरून काढलेले पैसे

ये गं, अशी जवळ ये. दारातल्या पाहुणीसारखी लांब बसू नको, मला ओरडून बोलवत नाही आता. तुझ्या आईनं फोनवर सांगितलं, तू तुझं एटीएम कार्ड नवऱ्याच्या हातात देऊन मोकळी झालीस म्हणून. कुणाचं तरी कार्ड बदलल्याचं ऐकलंस आणि भ्यालीस. अगं, ऐकून भ्यायला काय झालं? जिचं बदललं ती तुझी आत्या म्हणजे मीच, अजून कार्ड कमरेला लावून हिंडतीया. मला तरी विचारायचंस! आता आलीच आहेस तर ऐक. लिहूनही ठेवते, म्हणजे पुन्हा पुन्हा सांगायला नको.

आमचा खव्याचा धंदा तुला माहीत आहे. भूम गावाच्या आसपास घरोघरी भट्टी. कढईत दूध आटवायचं, खाली लागू नये म्हणून सारखं उलथनं फिरवायचं. त्या धगीनं आणि उलथन्यानं माझ्या बोटांवरच्या रेघा पार गेल्या. गावातल्या सेवा केंद्रात अंगठ्याचं मशीन आहे, त्यावर बाकीच्या बायकांना पैसे मिळायचे आणि माझा अंगठा काही उमटायचा नाही. तिथला माणूस म्हणायचा, "मावशी, पुसून लावा." पुसून लावला, धुऊन लावला, पावडर लावून लावला. शेवटी बँकेतून कार्ड घेतलं.

ते कार्ड आलं तेव्हा माझ्या मनाला काय वाटलं ते तुला कसं सांगू? त्याआधी पैसे तुझ्या मामांकडं, म्हणजे आमच्या ह्यांच्याकडं मागायचे. देत नव्हते असं मुळीच नाही. देत होते, पण "कशाला?" विचारून देत होते. साखर आणायची असली तरी "कशाला", बांगड्या भरायच्या असल्या तरी "कशाला". कार्ड आलं आणि तो "कशाला" गेला.

आता माझी एक खोड. मी शाळेत गेलेली नाही. एसटीच्या पाट्या, दुकानाच्या पाट्या, पेपराचे पुडे, असं वाचत, गिरवत शिकले. म्हणून माझं वाचणं तोंडानं. मनातल्या मनात वाचायला मला कधी जमलंच नाही, ओठ हलतातच आणि आवाजही येतो. आकड्यांचंही तसंच. मशीनवर नंबर दाबायचा म्हणजे एकेक आकडा म्हणत म्हणत दाबायचा. मला वाटायचं, आत आपण एकटंच असतो, कोण ऐकतंय?

त्या दिवशी खवा घालायला भूमला गेलो होतो. मामा स्टँडवर चहाला बसले, मी कोपऱ्यावरच्या एटीएममध्ये शिरले. तिथं राखण करायला कुणी नव्हतं. कार्ड घातलं, मशीन काही बोलेना. पुन्हा घातलं, तरी तेच. तेवढ्यात मागून आवाज आला, "मावशी, उलटं घालताय तुम्ही. द्या इकडं."

बघते तर चांगला इस्त्रीचा शर्ट घातलेला माणूस. चेहऱ्यावर हसू. मी दिलं कार्ड. त्यानं बाहीला घासून पुसलं, घातलं, मराठी निवडून दिली आणि म्हणाला, "आता तुमचा नंबर दाबा, मी बघत न्हाय." आणि खरंच तोंड फिरवलं गं त्यानं! मला वाटलं, काय रीतभात आहे लेकराला. मी आपली आकडे म्हणत म्हणत दाबून मोकळी. त्याला बघायची गरजच नव्हती, कान होते की.

मागितले तेवढे तीन हजार आले. त्यानं कार्ड काढून माझ्या हातात दिलं. मी इतकी खूश झाले, पिशवीतून खव्याचा गोळा काढून त्याच्या हातावर ठेवला. म्हणाला, "मावशी, खवा लई भारी हाय." आणि गेला.

आम्ही एसटीची वाट बघत उभे होतो. मामांच्या खिशातला फोन टुंग करून वाजला. थोड्या वेळानं पुन्हा टुंग.

मी म्हणले, "बघा की काय ते."

"कंपनीचे मेसेज असतात. रोजचंच हाय."

"आवो, बघा तरी."

त्यांनी चष्मा लावला, फोन लांब धरला, जवळ धरला. मग माझ्याकडं बघितलं. "तू किती काढलेस?"

"तीन."

"मग हे दहा हजार आन् पुन्हा दहा हजार कुणी काढले?"

खात्यावरचा पैसा म्हणजे उन्हाळ्यातली भट्टी होती सगळी. पण ऐक, त्या वेळी आम्ही एक गोष्ट बरोबर केली. रडत बसलो नाही. बँकेची शाखा वरच्या आळीला होती, तिकडं निघालो. मामा पुढं, मी मागं, पदर सावरायचं भान नाही.

काउंटरवरच्या बाईनं माझ्या हातातलं कार्ड घेतलं, नाव वाचलं आणि विचारलं, "हे तुमचं नाव आहे का?" त्यांनी म्हटलेलं नाव दुसऱ्याच कुणा बाईचं होतं. बँक तीच, रंग तोच, चित्र तेच. इंग्रजी अक्षरं, मला काय कळणार? त्यांनी पासबुक मागितलं, माझं खातं काढलं आणि आधी कार्ड बंद करून टाकलं. मग म्हणाल्या, "तो पुन्हा काढायला गेला तरी आता निघणार नाही. तुम्ही कळवल्यावर गेलं असतं तर ती बँकेची जबाबदारी. त्याआधी नंबर वापरून गेलं, ते मात्र अवघड आहे, आजी. पण तक्रार आजच करा. ह्या कामात उशीर नको." सायबर फसवणुकीच्या सरकारी नंबरवर फोनही त्यांनीच लावून दिला.

तिथून पोलीस ठाणं. हवालदारानं विचारलं, "दिसायला कसा होता?"

"चांगला होता हो," मी म्हणले. "बोलायला लई गोड."

"मावशी, ते कुठं लिहू? उंची सांगा, रंग सांगा."

मामा मध्येच म्हणाले, "खवा आवडला म्हणला तो. तेबी लिवा."

हवालदारानं मान खाली घातली, हसू दाबत होता. त्यानं ते दुसऱ्या बाईचं कार्ड ठेवून घेतलं. म्हणाला, ती बाईही अशीच फसलेली असणार. तिचं कार्ड माझ्या हातात, माझं अजून कुणाच्या हातात जाईल. मला त्या बाईचं लई वाईट वाटलं गं. तिचे किती गेले असतील आणि तिला घरात कोण काय बोललं असेल!

पैसे अजून आलेले नाहीत. येतील का, ते मी सांगू शकत नाही. तुला खोटी आशा कशाला दाखवू?

पण खरं संकट रात्री पुण्याहून लेकाचा फोन आला तेव्हा आलं. "आई, आता कार्ड घेऊ नको. खव्याचे पैसे बाबांच्या खात्यावर घे. ह्या वयात कशाला ताप?" प्रेमानंच बोलला. पण "कशाला" म्हणाला ना! मी फोन कानाला धरून नुसती उभी.

मामांनी फोन माझ्या हातातून घेतला. "राहू दे तिचं तिच्याकडं," म्हणाले. "आरं, तंबाकूला उसने मीच तिच्याकडून घेतो. तिनं माझ्याकडं मागायचं आन् मी कुणाकडं मागायचं?"

इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी माझी बाजू अशी कधी घेतली नव्हती. दुसऱ्या दिवशी चहात साखर जास्त टाकली, तेवढंच.

नवीन कार्ड आलं, नवीन नंबरही केला. आता प्रश्न माझ्या तोंडाचा. मामांनी फोनवरचा कॅलक्युलेटर काढून दिला आणि म्हणाले, "दाब. ओठ हलले की मी वराडणार." मी दाबायला लागले की ओठ हलायचेच. "हल्लं! हल्लं बघ!" घरभर तमाशा. शेवटी मीच युक्ती काढली. तोंडात पाण्याची गुळणी धरायची आणि दाबायचं. बोलले तर पाणी अंगावर. पहिल्या दिवशी दोनदा चोळी भिजली. पण आठवड्यात जमलं.

मग एकटी गेले भूमला. पाण्याची बाटली नेली होती. एटीएमच्या दारात गुळणी भरली, आत शिरले, कार्ड माझ्याच हातानं घातलं, आकड्यांवर पदर धरला. आणि मागून दार वाजलं. कुणीतरी आत आलं.

मागं बघते तर धोतरातले म्हातारबुवा. "बाई, लई येळ लागंल का?" म्हणाले. आता माझ्या तोंडात पाणी, बोलू कशी? आल्यागेल्याला कधी जा म्हणायची आपल्याला सवय नाही. तरी मी हात वर केला आणि दाराकडं बोट दाखवलं. ते बघतच राहिले. मी पुन्हा बोट दाखवलं, डोळे मोठे केले. बिचारे मुकाट्यानं बाहेर गेले.

पैसे निघाले. कार्डावरचं नाव बघितलं. आता माझ्या नावाची इंग्रजी अक्षरं मला ओळखता येतात, मामांनी जमिनीवर कोळशानं गिरवून घेतली आहेत. बाहेर आले आणि पाणी गिळलं.

म्हातारबुवा म्हणाले, "मुकी हाय व्हय तू? बरं, माझं तेवढं काढून दे. मला मशीन जमत न्हाय." आणि कार्ड माझ्या पुढं धरलं. "नंबर पाठ हाय माझा. चार..."

"गप बसा!" मी असं ओरडले की ते दोन पावलं मागं सरले. "कुणाला सांगू नका तो. मलाबी नगं. आन् कार्ड माझ्या हातात देऊ नका."

"आगं, तू काय चोर हाय का?"

"तुमाला काय म्हाईत, मी कोण हाय?"

मग काय, मी दारात रस्त्याकडं तोंड करून उभी राहिले आणि बाहेरून सांगत गेले. कार्ड घाला. मराठीवर दाबा. आता नंबर, मनातल्या मनात. म्हातारबुवा आत पुटपुटायला लागले तशी मी दोन्ही कानांवर हात ठेवले. रस्त्यानं जाणारी माणसं बघून हसत होती. हसेनात का!

पैसे घेऊन ते बाहेर आले आणि म्हणाले, "हे कार्ड माझंच हाय का बघ बरं."

"तुमच्या हातातून दुसऱ्याच्या हातात गेलं का?"

"न्हाय."

"मग तुमचंच."

"लई कडक बाई हाय तू," म्हणाले. पण जाताना थांबून म्हणाले, "माझी लेक अशी कडक असती तर बरं झालं असतं."

बघ, त्या इस्त्रीच्या शर्टवाल्यानं मला मावशी म्हणून माझं कार्ड पळवलं, आणि ह्यांनी मला कडक म्हणून लेक केलं. माणसांवरचा माझा विश्वास काही गेला नाही. फक्त तो दाराबाहेर उभा करायला शिकले.

तेव्हा पोरी, नवऱ्याकडून कार्ड परत घे. भांडू नको, नुसतं माग. "कशाला" म्हणाला तर म्हणावं, आत्यानं मागितलंय. आणि दिवाळीची वाट बघत बसू नको, येत्या बाजाराच्या दिवशीच कार्ड घेऊन पुन्हा ये. पहिल्यांदा आपण दोघी जाऊ. तू आत, मी दारात तुझ्याकडं पाठ करून. मग घरी येऊन निवांत जेवू. कधी निघतेस ते आधी फोन करून सांग, म्हणजे मी भट्टी लवकर उरकते.