इस्त्रीचे परत आलेले पैसे

शिवणकाम करणारी आत्या कुणावर पटकन विश्वास टाकत नसे. तिच्याकडे राहणाऱ्या भाचीने तिच्यासाठी तिच्याच मोबाइलवरून मिक्सर आणि इस्त्री मागवली. बिल दोन हजार झालं. आठशेची इस्त्री बिघडलेली निघाली, म्हणून परत पाठवली. पण आत्याच्या बँक खात्यात आले चारशे ऐंशीच.

तेव्हापासून भाची घरात असली की आत्याची पर्स उशाखाली जाऊ लागली. भाची कामावर गेल्यावर तिने गुपचूप कंपनीला फोन लावला.

"काकू, बिलातले पाचशे गिफ्ट कार्डातून गेले होते, तीनशे वॉलेटमधून आणि बाराशे बँकेच्या कार्डावरून," पलीकडची मुलगी म्हणाली. "आमच्याकडे रिफंड त्याच प्रमाणात वाटला जातो. दोनशे गिफ्ट कार्डात आणि एकशेवीस वॉलेटमध्ये जमा आहेत. ॲपमध्ये बघा."

आत्याने चष्मा लावून दोन्ही आकडे तपासले. बरोबर होते.

संध्याकाळी पर्स टेबलावर उघडी पडलेली बघून भाची थबकली.

"मिळाले का पैसे?" तिने विचारलं.

"तुला कुणी सांगितलं?"

"उशीने," भाची म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली. आत्याला तिच्या मागे जाण्याचा धीर झाला नाही.