साधं पाणी

आमच्या घरात कॉलेजात गेलेली पहिली मी. मेहकरच्या बाजारात हमाली करणारे बाबा कुठल्याही कागदावर अंगठा देण्याआधी तो मला दाखवत. मला त्याचा माज होता, खोटं कशाला बोलू.

बाबांच्या आतड्याच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली. संभाजीनगरला पोचेपर्यंत आतडं काळं पडलं होतं. डॉक्टरांनी ते काढलं. लहान आतडं उरलं मीटरभर. त्याचं तोंड पोटावर काढून पिशवी लावली. खाल्लेलं अंगी लागायच्या आत पिशवीत उतरायचं, म्हणून मानेखालच्या मोठ्या शिरेत नळी घालून तिच्यातून दुधासारखं पांढरं पोषण रोज चढवायचे. डॉक्टर म्हणाले, काही महिन्यांनी हे आतडं मोठ्या आतड्याला जोडू, मग ते हळूहळू जास्त शोषायला लागेल, नळी सुटेल. बाबांना तेवढंच हवं होतं. नळी काढून घरी जायचं आणि पाटावर बसून जेवायचं.

दवाखान्याजवळ खोली घेऊन मी बाबांना तिथे ठेवलं होतं. सिस्टरने बजावलं होतं, साधं पाणी दिवसाला दोनच ग्लास, बाकी मीठ-साखरेचं, घोटघोट. एप्रिल होता. बाबांचे ओठ फुटले होते. तहानलेल्या माणसाला पाणी देऊ नका, हे मला पटेना. मी माठातलं तांब्याभर त्यांच्यापुढे धरलं.

"सिस्टर तं नाही म्हणे न बाई?"

त्यांना काय कळतं, मी शिकलेली आहे ना, असं मी म्हणाले.

"हाव. तू म्हणतं तं पेतो."

दोन दिवस ते पीत राहिले. जितकं पीत तितकी तहान वाढे आणि पिशवी पुन्हापुन्हा भरे. साधं पाणी अशा आतड्यात अंगातलं मीठ ओढून घेतं आणि सगळंच बाहेर जातं, हे मला नंतर समजलं. तिसऱ्या दिवशी लघवी थांबली, बाबा उभे राहीनात. दवाखान्यात नेलं तर किडनीला मार बसला होता. जोडायचं ऑपरेशन दोन महिने पुढे गेलं.

डॉक्टरांनी खडसावून विचारलं, पाणी कोणी दिलं?

"म्याच चोरून पेलो साहेब. पोरीले नाही माहीत."

डॉक्टर त्यांना बोल बोल बोलले. बाबा मान खाली घालून ऐकत होते. मी पलंगाशी उभी होते, हातात त्यांचीच फाईल.

पुढे आतडं जोडलं. पोषण रोजचं एक दिवसाआड झालं, मग आठवड्यातून दोनदा, आणि दीड वर्षाने नळी निघाली. बाबा घरी आले, मऊ भात थोडाथोडा सहा वेळा खाऊ लागले. आतडं शिकलं. किडनी मात्र पहिल्यासारखी झाली नाही, आणि मागच्या थंडीत तिनेच त्यांना नेलं. ते पाणी नसतं तर काय झालं असतं, डॉक्टरांना विचारायची माझी हिंमत झाली नाही. विचारायचं तर आधी ते कोणी दिलं हे सांगावं लागलं असतं.