अर्धं वाचलेलं नाव

काशीनाथ फार्मासिस्टचा कोणावरच विश्वास नव्हता. दूधवाला पाणी घालतो, शेजारी त्याच्या मीटरवर वीज खेचतो, औषधांच्या खोक्यातून एक पट्टी वाटेतच गायब होते, अशा संशयांवर त्याचा दिवस छान जायचा. केबिन रोडमागच्या धर्मादाय दवाखान्यात त्याच्या खिडकीवर येणारा माणूस आधी संशयित असे, मग रुग्ण.

म्हणूनच त्र्याण्णव सालच्या त्या सोमवारी राई गावची शेवंती गोळ्या हातात घेऊन तिथेच थबकली, तेव्हा त्याच्या कपाळाला आठी पडली.

"भाऊ, ही माज्या ईश्वरची गोली न्हाय."

"कंपनी बदलली असेल. रंग बदलतोच, बाई."

"त्याची गुळगुळीत असते. ही खडूवानी हाय."

बाई फुकट बदलून मागतेय, असं त्याला वाटलं. तिला खोटं पाडायलाच त्याने बाटली खाली काढली आणि चिठ्ठीशेजारी धरली. चिठ्ठीत होतं क्लोरप्रोमाझीन. तिच्या मुलाला, ईश्वरला, कानात आवाज यायचे, त्यासाठी. बाटलीवर होतं क्लोरप्रोपामाइड, मधुमेहाचं. मधुमेह नसलेल्या पोराने ते रोज घेतलं असतं, तर साखर उतरत जाऊन तो बेशुद्ध पडला असता, कदाचित उठलाच नसता. शेवंती मात्र शांतपणे पिशवी उघडी धरून उभी होती. त्याने गोळ्या बदलल्या.

दुपारी तो रिपोर्ट लिहायला बसला. प्रथम संशय डॉक्टरांच्या अक्षरावर गेला. चिठ्ठी पुन्हा पाहिली, अक्षर स्वच्छ होतं. मग कंपाउंडर बाबाजीवर, त्यानेच बाटल्या शेजारी ठेवल्या असणार. पण आठवलं, नावं एकाच अक्षराने सुरू होतात म्हणून शेजारी त्याने स्वतःच लावली होती. संशय घ्यायला आता एकच माणूस उरला होता, आणि तो त्याला मुळीच आवडला नाही.

वरिष्ठ डॉक्टर सुचेताबाईंनी कागद वाचून चष्मा काढला. "चुकीची गोळी पोटात गेली नाही ना? मग लिहून स्वतःच का अडकताय?"

बाई प्रकरण दाबताहेत की काय, असं त्याच्या मनात आलंच. "बाई, उद्या माझ्या जागी दुसरा असेल. बाटल्या तिथेच असतील."

त्यांनी चष्मा घातला आणि रिपोर्टावर सही केली. संध्याकाळपर्यंत दोन्ही बाटल्या वेगवेगळ्या कपाटांत गेल्या. रिपोर्टात कारणासमोर काशीनाथचंच वाक्य होतं: 'क्लोरप्रो एवढंच वाचलं, पुढचं मनाने पुरं केलं.'

पुढच्या महिन्यात शेवंती आली. त्याने विचारलं, "ही गोळी कशासाठी, सांगा बघू?"

"आवाजासाठी." तिने गोळी बोटांत फिरवून पाहिली, नखाने खरवडली, मग पिशवीत टाकली. "तुमच्यावर इस्वास हाय, भाऊ. पर बघून घेते."

कोणी आपल्यावर संशय घेतल्याचं त्याला आयुष्यात प्रथमच बरं वाटलं.