‘स्स्’चा वर्ग

गोव्यात मोपाला विमानतळ झाला, तेव्हा मी डिचोलीत तिथल्या नोकऱ्यांसाठी मुलाखतीच्या इंग्रजीचा वर्ग घेत होते. माझं वय अठ्ठावीस. त्या वर्गात पाळीची एक चाळिशीची बाई यायची. खाणी बंद पडल्यापासून तिच्या नवऱ्याचा ट्रक दारात उभा होता. सगळे तिला ताई म्हणत. मी मात्र ‘तू’ म्हणायचे.

ती न घाबरता, भराभर बोलायची. फक्त ‘इन्फर्मेशन्स’, ‘लगेजेस’, ‘ॲडव्हाइसेस’ म्हणायची.

“हे शब्द मोजता येत नाहीत,” मी फळ्यावर लिहून दिलं. “शेवटी एस नको, आधी अ किंवा ॲन नको. ‘सम’ म्हण, नाहीतर ‘अ पीस ऑफ’.”

“पण टीचर, आमी एक सल्लो, दोन सल्ले म्हणतोच मा?”

प्रश्न चांगला होता. चूक नेमकी तिथूनच येत होती. मला ते कळलंही, पण मी म्हणाले, “मग मुलाखत मराठीत दे.” वर्ग हसला. ते हसणं मला आवडलं.

दुसऱ्या दिवसापासून मी नियम केला. ती जास्तीचा एस लावेल तेव्हा सगळ्यांनी मिळून ‘स्स्’ करायचं. पहिल्यांदा तीही हसली. आठवड्याभरात ती वाक्याच्या मध्येच थांबायला लागली. पंधरा दिवसांनी तिची एकही चूक होत नव्हती, कारण ती बोलतच नव्हती. सुधारणा झाली म्हणून मी तिचं कौतुक केलं.

मुलाखतीहून ती थेट वर्गावर आली. दारातच उभी राहिली.

“टीचर, तो सायबच ‘इन्फर्मेशन्स’ म्हणालो. घरच्यांची म्हायती विचारी होतो.”

“मग?”

“मगे विचारल्यान, सामान हरवलेल्या माणसाक काय सल्लो देशात? माका सगळा येय होता. ‘आय विल गिव्ह’ म्हटलंय, आणि फुडे ‘ॲन’ की ‘सम’, ताच सुचूक ना. कानात ‘स्स्’ ऐकूक येय होता. गप्प रवलंय. तो ‘थँक्यू’ म्हणालो.”

तेव्हा तरी मी गप्प बसायला हवं होतं.

“‘सम ॲडव्हाइस’,” मी म्हणाले. “महिनाभर काय शिकवलं मी?”

तिने मान हलवली आणि गेली. आमच्याच वर्गातल्या एकीला ती नोकरी मिळाली. “मी तर सायबांना ‘ॲन ॲडव्हाइस’च म्हणून आले,” असं तिने मला हसत हसत सांगितलं.

गेल्या वर्षी मांद्र्याच्या एका गेस्टहाऊसच्या मागच्या अंगणात ती चादरी वाळत घालताना दिसली. एका विदेशी बाईने तिला समुद्राचा रस्ता विचारला. रस्ता समोरच होता. तिने बोटही दाखवलं नाही. आत जाऊन मालकिणीला बोलावून आणलं.

मी हाक मारली. तिने ओळखलं.

“मी चुकले,” मी म्हणाले.

“ना टीचर, तुमी बरोबरच शिकयलात,” ती म्हणाली आणि पुढची चादर झटकायला घेतली.