फोटोवर बसलेला फोकस

चूक माझी होती. कोडोलीच्या एका आजींची मुलाखत घ्यायला बसलो, तेव्हा त्यांचा थोरला मुलगा म्हणाला, "आण्णांचा फोटो बी मागं दिसू दे की." घरातलं कुणी गेलेलं असलं की आमच्याकडे असं सांगतातच. आण्णा म्हणजे आजींचे यजमान. मी आजींची खुर्ची भिंतीवरच्या त्यांच्या हार घातलेल्या फोटोखाली सरकवली. लग्नाच्या शूटिंगच्या सवयीने कॅमेरा आपोआप चेहरा शोधून फोकस धरण्यावर ठेवला, हेडफोन लावले आणि आवाजाकडे लक्ष देत बसलो.

आजींच्या पंचाहत्तरीसाठी छोटी फिल्म करायची होती. शूटिंगनंतर अकराव्या दिवशी आजीच गेल्या. मुलगा म्हणाला, आता वर्षश्राद्धाला दाखवू.

उचगावच्या माझ्या खोलीत फुटेज उघडलं, तेव्हा तो शॉट पाहिला. धाकट्या मुलीने मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून आण्णांनी तिला दार बंद केलं, असं सगळं गाव समजत होतं, तीही. आजी सांगत होत्या, "एकदा दारात आलती ती. ह्यांनी दार उघडाय उठाय घेतलंतं. मीच हात धरला. म्हटलं, बसा."

'ह्यांनी' म्हणताना त्यांनी मान खाली घातली. समोरचा चेहरा हरवला, तसा कॅमेऱ्याने मागचा पकडला आणि शेवटपर्यंत सोडला नाही. आजी विरघळल्यासारख्या धूसर झाल्या. त्यांच्या डोक्यावर आण्णांचे डोळे, मिशीचा केस न् केस, लख्ख. कारण मला ठाऊक होतं. तरी भर दुपारी उठून मी खोलीचं दार उघडं ठेवलं.

आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. कॉलेजातल्या ज्या सरांनी सुट्टीत बसवून एडिटिंग शिकवलं, त्यांचं ऋण माझ्यावर आहे. ते म्हणायचे, खराब शॉट आधी सुधारतो का बघ, नाहीतर झाक, तेही जमलं नाही तर काढ आणि मागे वळून बघू नको.

आधी सुधारायला गेलो. शार्पनेस वाढवला तर चित्रावर फक्त दाणे उमटले आणि आण्णांचे डोळे आणखी रोखून बघू लागले. फोटो वगळून फ्रेम कापली, तर आजी आणखीच पुसट झाल्या. मग चेहरा साफ करून देणारं नवं सॉफ्टवेअर लावलं. त्याने आजींना स्वच्छ, रेखीव चेहरा दिला. त्यांच्या तोंडात दातांची सरळ ओळ दिली. आजींना दात नव्हते. "मीच हात धरला" म्हणताना तो चेहरा किंचित हसला. मी ती फाइल लगेच उडवली.

मग झाकलं. आजी लसूण सोलतानाचे हातांचे शॉट होते, ते आवाजावर अंथरले. छान बसले. मुलाला फोनवर सांगितलं, तिथला एक शॉट खराब झालाय. काय बोलणं आहे ते सांगायचं धाडस झालं नाही.

"खराब हाय तर काढून टाका की. एवढं काय त्यात?" ते म्हणाले. "आनि आईनं दिलेलं जुनं फोटो धाकटीकडं हायत, तिला पाठवतो."

काढून टाकलं असतं तर कुणालाच काही कळलं नसतं.

धाकट्या ताई दोन दिवसांनी अल्बम घेऊन आल्या. "आई काय बोललीया?" एवढंच विचारलं. मी झाकलेला तुकडा लावला. त्यांनी ऐकलं. सोलणाऱ्या हातांकडे बघत राहिल्या.

"पावणं, खरं सांगा. हे जोडून केलंय न्हवं?"

"न्हाय ताई."

"मग तोंड का दिसंना तिचं? माझं मन राखाय दादानं सांगितलं आसंल तुमाला."

वर दुसरे शॉट अंथरले की खालची वाक्यं कुठेही तोडता-जोडता येतात, हे मला माहीत होतंच. वरचे शॉट बंद केले आणि मूळ शॉट पहिल्यापासून, न थांबता लावला. फोकस सरकताना ताई खुर्चीत मागे झाल्या. खोलीत फक्त पंखा आणि आजींचा आवाज.

"आण्णा ऐकाय लागल्यात," त्या हळूच म्हणाल्या.

शॉट संपल्यावरही त्या पडद्याकडेच बघत होत्या. मग आजींशी नाही, त्या फोटोशी बोलल्या. "मला ठावं न्हवतं आण्णा. मी तुमच्या मातीला बी आली न्हाय."

मी पडदा बंद करायला हात पुढे केला, त्यांनी अडवला. "आसू दे. आसंच ठेवा."

त्या गेल्यावर लसणाचे शॉट एकेक करून काढले. मूळ शॉट अखंड ठेवला. संध्याकाळी मुलाचा फोन आला.

"ते खराब काढलं न्हवं?"

"न्हाय दादा. ताईंनी बघितलंय ते. आख्खं."



"आई बोलली व्हय ते," ते म्हणाले. "धाकटी दारात आलती, तवा मी घरातच हुतो."